वाट कशी मिळाली, हे आधी विचारा

शिवाजीनगर कोर्टात नव्याने उभं राहणाऱ्यांच्या हाती रस्त्याचा दावा लवकर येतो. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम 4 म्हणजे सुविधाधिकार आणि कलम 52 म्हणजे लायसन्स, हे तुम्हाला पाठ असेलच. गाईडमधला दोन रकान्यांचा तक्ता परीक्षेला पुरतो, दाव्यात मात्र तोच गोत्यात आणतो, असं माझं ठाम मत आहे.

समजा, मुळशीकडचा एक शेतकरी 1999 पासून पुढच्या शेतातून ट्रॅक्टर नेतोय. मार्च 2024 मध्ये जुन्या मालकाने, म्हणजे काकांनी, ते शेत विकलं आणि नव्या मालकाने तारेचं कुंपण घातलं. पक्षकार म्हणतो, "वीस वर्षं झाली की, साहेब. काकांना विचारूनच जायचो, ते कधी नाही म्हणाले नाहीत."

इथेच थांबा. वहिवाटीने हक्क देणाऱ्या कलम 15 ला नुसती वीस वर्षं पुरत नाहीत. वापर उघड, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून हवा. विचारून जाणं म्हणजे हक्क नव्हे, परवानगी. परवानगीची वीस काय, चाळीस वर्षं झाली तरी ते लायसन्सच. ते काकांपुरतं होतं. कलम 59 प्रमाणे नवा खरेदीदार त्याला बांधील नाही. परवानगीच्या भरवशावर पक्षकाराने खर्च करून कायमचं काम केलं असेल, तर कलम 60 खाली काकांना ती मागे घेता आली नसती, हा अपवाद. "विचारलं नव्हतं असं सांगा" असं पक्षकाराला कुणी सिनिअरने शिकवायला सांगितलं, तरी शिकवू नका. ते खोटं आहे आणि उलटतपासणीत टिकत नाही.

पण घाबरू नका, वाट संपलेली नाही. जुनं वाटपपत्रक मागवा. दोन्ही शेतं मुळात एकाच कुटुंबाची असतील आणि वाटणीनंतर मागच्या शेताला दुसरा रस्ताच उरला नसेल, तर कलम 13 खाली गरजेचा सुविधाधिकार मिळतो. तिथे वीस वर्षं लागत नाहीत, परवानगीचा प्रश्नही येत नाही. दुसरा रस्ता गैरसोयीचा असून भागत नाही, अजिबात नसावा लागतो.

याची दुसरी बाजू मात्र कडक आहे. उद्या मागच्या बाजूने सरकारी रस्ता आला, तर गरज संपते आणि कलम 41 खाली हक्कही संपतो. वहिवाटीने मिळालेला हक्क असा रस्ता आल्याने जात नाही. तो सोडून दिला, दोन्ही शेतं पूर्ण हक्काने एकाच मालकाकडे आली किंवा वीस वर्षं अखंड वापरलाच नाही, तर जातो. म्हणून दाव्यात हक्क कुठल्या मार्गाने मिळाला, ते स्वच्छ लिहा.

आणि पक्षकार खरोखर न विचारता जात असेल, तर कुंपणाची तारीख वहीत टिपा. वीस वर्षांचा वापर दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला हवा. मार्च 2024 ला अडवलेल्या वाटेचा दावा मार्च 2026 च्या आत दाखल झाला पाहिजे.