केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो : सिद्धता कशी लिहावी आणि कुठे जपावे

हे प्रमेय पाच ओळींत संपते, म्हणून बरेच जण ते पाठ करून मोकळे होतात. पाठ केलेली सिद्धता बहुधा चौथ्या ओळीत घसरते, आणि घसरली हे लिहिणाऱ्याला कळतही नाही, कारण शेवटी उत्तर बरोबरच येते.

आकृती काढा: O केंद्र, AB ही व्यासाहून लहान जीवा, O मधून जीवेवर लंब. तो जीवेला जिथे मिळतो तो बिंदू P. आकृती काढताना P मध्यावर आला, तरी तो मध्यबिंदू आहे असे अजून म्हणायचे नाही. आपल्याला दिलेला आहे फक्त काटकोन. म्हणून ‘रचना: AB चा मध्यबिंदू P घ्या आणि OP हा लंब काढा’ हे वाक्य दिसले की पुढचे वाचू नका. मध्यबिंदू घेतलात तर लंब सिद्ध करावा लागेल, लंब घेतलात तर मध्यबिंदू. दोन्ही एकदम घेतले तर सिद्ध करायला काही उरतच नाही.

मग O ला A आणि B शी जोडा. रचना एवढीच.

आता ∆OPA आणि ∆OPB एकरूप दाखवायचे. तीन गोष्टी हाताशी आहेत. P पाशी दोन्ही त्रिकोणांत काटकोन आहे. OA आणि OB एकाच वर्तुळाच्या त्रिज्या, म्हणून समान. OP ही बाजू दोन्ही त्रिकोणांत सामाईक. प्रश्न उरतो कसोटीचा, आणि मीही बराच काळ अडून होतो तो इथेच. ‘दोन बाजू आणि एक कोन मिळाले, म्हणजे बाकोबा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे.

बाकोबा कसोटीत कोन त्या दोन बाजूंच्या मध्ये असावा लागतो. आपल्या बाजू आहेत OA आणि OP. त्यांच्या मधला कोन O पाशी आहे, आणि त्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. काटकोन आहे तो P पाशी, म्हणजे बाजू OA च्या समोर. ‘एवढ्याने काय बिघडते?’ असे वाटत असेल तर याच आकृतीत बिघडवून दाखवतो.

६.५ सेमी त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि केंद्रापासून ६ सेमी अंतरावर जीवा घ्या. रेषा AB उजवीकडे वर्तुळाबाहेर वाढवा आणि तिच्यावर P पासून ४.५ सेमी अंतरावर Q हा बिंदू घ्या. A हे जीवेचे Q कडचे टोक. रेख OQ जोडा. मोजलीत तर ती ७.५ सेमी भरेल. आता ∆OQA आणि ∆OQB पाहा. OQ सामाईक आहे. OA आणि OB त्रिज्या आहेत, दोन्ही ६.५ सेमी. Q पाशी असलेला कोन दोन्ही त्रिकोणांत तोच, कारण A आणि B हे Q मधून निघणाऱ्या एकाच किरणावर आहेत. म्हणजे दोन बाजू समान, एक कोन समान, अगदी मघासारखेच. पण पट्टी लावा: QA येते २ सेमी आणि QB येते ७ सेमी. हे त्रिकोण एकरूप म्हणणे म्हणजे २ आणि ७ समान म्हणणे.

कारण आकृतीतच दिसते. Q मधून निघालेला किरण वर्तुळाला दोनदा छेदतो, त्यामुळे तीच त्रिज्या दोन ठिकाणी बसते आणि दोन वेगळे त्रिकोण तयार होतात. आता Q रेषेवरून सरकवत P वर आणा. तिथे कोन काटकोन होतो, आणि P वर्तुळाच्या आत असल्याने त्याच्या प्रत्येक बाजूला निघालेला किरण वर्तुळाला एकदाच छेदतो. दुसरा त्रिकोण तयार व्हायला जागाच उरत नाही. समोरचा कोन काटकोन असताना दोन बाजू पुरतात ते यामुळे, आणि म्हणूनच या परिस्थितीसाठी स्वतंत्र कसोटी आहे: कर्णभुजा. काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. इथे ती OA आणि OB.

पटत नसेल तर पायथागोरसने तपासा. AP² = OA² − OP² आणि BP² = OB² − OP². उजवीकडचे सगळे समान, म्हणून डावीकडचेही समान. वरच्या मापांनी दोन्हीकडे ४२.२५ − ३६ = ६.२५, म्हणजे AP आणि BP दोन्ही २.५ सेमी. Q पाशी काटकोन नसल्याने तिथे हे सूत्र लागूच होत नाही.

दुसरी पळवाट बाबाबा कसोटीची. तिच्यासाठी AP = BP लिहावे लागते, म्हणजे साध्यच पक्षात घुसवायचे. हा घोळ बहुतेक वेळा व्यत्यासामुळे होतो. ‘केंद्र आणि जीवेचा मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड जीवेला लंब असतो’ या प्रमेयात AP = BP दिलेले असते, तिथे बाबाबा अगदी योग्य. दोन्ही प्रमेयांची आकृती एकच असल्याने हात आपोआप तेच लिहू लागतो. म्हणून कसोटी लिहिण्याआधी पक्ष पुन्हा वाचायचा, मगच पेन टेकवायचे.

कर्णभुजा वापरायची नसेल तर एक सरळ वाट आहे. OA = OB, म्हणून ∆OAB समद्विभुज, म्हणून A आणि B पाशी असलेले पायाचे कोन समान. त्यात P पाशी असलेला काटकोन आणि त्रिज्या जोडा: कोकोबा. सामाईक बाजूची गरजही पडत नाही. मला मात्र कर्णभुजाच आवडते, कारण तिच्यात काटकोन नेमका कुठे कामी येतो ते लपत नाही.

लिहून झाल्यावर सिद्धता अशी दिसावी:

पक्ष: O केंद्र असलेल्या वर्तुळात रेख OP ⊥ जीवा AB
साध्य: रेख AP ≅ रेख BP
रचना: रेख OA आणि रेख OB काढा.
सिद्धता: ∆OPA आणि ∆OPB मध्ये,
∠OPA ≅ ∠OPB … (प्रत्येकी ९०°, पक्ष)
कर्ण OA ≅ कर्ण OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
बाजू OP ≅ बाजू OP … (सामाईक बाजू)
∴ ∆OPA ≅ ∆OPB … (कर्णभुजा कसोटी)
∴ रेख AP ≅ रेख BP … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)

कंसातली कारणे गाळू नका, आणि अक्षरांचा क्रम सांभाळा: ∆OPA च्या समोर ∆OPB च येईल, ∆OBP नाही. A आणि B एकाच रेषेवरचे वेगळे बिंदू असून P पासून समान अंतरावर आहेत, तेव्हा ते P च्या दोन बाजूंनाच असणार, म्हणजे P हा मध्यबिंदू.

जीवा केंद्रातून जात असेल तर P आणि O एकच होतात, त्रिकोण उरतच नाहीत आणि वरची सिद्धता चालत नाही. तिथे OA = OB एवढे लिहिले की काम झाले.