दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात? आधी बी१२ तपासा

स्क्वॉट करून बूट काढले, तरी दोन्ही तळव्यांना मुंग्या येतच राहतात. एकाच पायात कळ असेल तर कंबरेची नस दबलेली असू शकते. पण दोन्ही पायांत सारख्याच मुंग्या येत असतील, सोबत जीभ लाल आणि गुळगुळीत झाली असेल, नेहमीच्या वजनालाही धाप लागत असेल, तर शाकाहारी माणसाने बी१२ तपासून घ्यावं.

रोजची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम. एका कप दुधातून त्यातलं जवळपास निम्मं मिळतं. दही, चीज, अंडी चालत असतील तर तीही. स्पिरुलिनावर मात्र विसंबू नका, त्यातलं बहुतांश बी१२ शरीराला वापरताच येत नाही. दूधही न घेणाऱ्यांनी तक्रारीची वाट न पाहता पूरक गोळी सुरू करावी.

लक्षणं असतील तर आधी रक्त द्या, मग गोळी. बरेच जण उलटं करतात आणि रिपोर्ट फसवा येतो. आकडा २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिडची चाचणी खरी कमतरता दाखवते. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका: रक्त सुधारलेलं दिसतं, नसांची हानी चालूच राहते. चालताना तोल जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. इंजेक्शन लागू शकतं.