कॉलेज-हॉस्पिटल नेमकं कोणाचं? ट्रस्ट, सोसायटी की कंपनी: या चुका टाळा

पाटीवर 'फाउंडेशन' आहे म्हणजे ट्रस्ट, 'हेल्थकेअर' आहे म्हणजे कंपनी, 'शिक्षण प्रसारक मंडळ' आहे म्हणजे सोसायटी. हा हिशोब डोक्यात ठेवून लोक येतात आणि मग अर्ज चुकीच्या ऑफिसात जातो, तक्रार भलत्याच माणसाच्या नावाने जाते, आणि महिन्याभराने उत्तर येतं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही. मी पेशंटच्या नातेवाइकांना धर्मादाय योजनेचे अर्ज भरायला मदत करते, अ‍ॅडमिशनच्या सीझनला पालकांचेही फोन येतात, आणि दोन्हीकडे चुका त्याच असतात म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, बाकी राज्यांत कायदे वेगळे.

चूक १: पाटीवरचं नाव हेच खरं नाव समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. हॉस्पिटल हे स्वतः सहसा कोणी कायदेशीर व्यक्ती नसतंच, ते कोणाचं तरी चालवलेलं युनिट असतं. ज्याच्या नावाने नोंदणी आहे, बँक खातं आहे, पॅन आहे, तो खरा मालक, आणि त्याचं नाव पाटीवर असेलच असं नाही. लोक काय करतात, पाटीवरचं नाव धर्मादाय आयुक्तांच्या साइटवर टाकतात, काही येत नाही, आणि दोन मिनिटांत निकाल लावून मोकळे होतात की ट्रस्ट नाही. अरे, ट्रस्टचं नाव एखाद्या शेठजींच्या वडिलांच्या नावाने असेल, तुम्ही शोधताय लोगोवरचं नाव, कसं सापडणार?

एक प्रसंग सांगते. साताऱ्याकडचं कुटुंब, वडिलांना मेंदूत रक्तस्राव म्हणून पुण्यात अ‍ॅडमिट केलेलं. हॉस्पिटल चकाचक, काचेची बिल्डिंग, इंग्रजी ब्रँडचं नाव. मुलगा फोनवर म्हणाला, "ताई, ही कंपनी आहे, इथं गरिबांसाठी काही नसतं, आम्ही शेत गहाण टाकायचं बघतोय." मी विचारलं कंपनी आहे हे कोणी सांगितलं, तर म्हणाला नावावरनं कळतंच की.

मी त्याला डिपॉझिटच्या पावतीचा फोटो पाठवायला सांगितला. वर मोठा लोगो, तेच ब्रँडचं नाव. त्याने फक्त वरचा भाग पाठवला होता. पूर्ण पावती पाठव म्हटलं, तर अगदी तळाशी, पत्त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात एका मेडिकल ट्रस्टचं नाव आणि त्यापुढे 'ई-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. मग म्हटलं आता रिसेप्शनच्या आसपासच्या भिंती बघ, फ्रेम केलेलं नर्सिंग होम नोंदणीचं सर्टिफिकेट असेल. १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यानुसार ते दिसेल असं लावावंच लागतं आणि त्यावर हॉस्पिटल कोणाच्या नावाने आहे ते लिहिलेलं असतं. ते लिफ्टशेजारी, कुंडीच्या मागे सापडलं. त्यावरही तोच ट्रस्ट. मग धर्मादाय कार्यालयाच्या हॉस्पिटलांच्या यादीत ट्रस्टच्या नावाने शोधलं आणि मिळालं.

इथून पुढे सगळा खेळच बदलला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. त्यात अशा धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सध्या निर्धनसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. मुलाने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आणलं, बिलिंग काउंटरवर भांडत बसण्यापेक्षा थेट समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटला, आणि ट्रस्टचा नोंदणी क्रमांक अर्जावर वरच लिहिला. काउंटरवर आधी "आमच्याकडे अशी स्कीम नाही" म्हणाले होते. नंबर बघितल्यावर ते वाक्य परत कोणी बोललं नाही. दाखला यायला मात्र मधले सुट्टीचे दिवस गेले, म्हणून सांगते, पेशंट अ‍ॅडमिट झाला त्याच दिवशी पावतीचा तळ वाचा.

माझी सवय अशी आहे की वेबसाइट सगळ्यात शेवटी बघायची. आधी पावती, मग भिंतीवरचं सर्टिफिकेट, मग पोर्टल. वेबसाइट मार्केटिंगवाला लिहितो, पावतीमागे अकाउंट्स असतं.

चूक २: नंबर दिसला की न वाचता पुढे जाणं

नंबर वाचायला शिका, अर्धं काम तिथेच होतं. लेटरहेडवर 'महा/…/वर्ष/पुणे' असा नंबर असेल तर ती १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली सोसायटी. त्याच्या शेजारी 'एफ-' ने सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो विश्वस्त कायद्याखालचा. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूची सोसायटी ही सार्वजनिक ट्रस्ट म्हणूनही धरली जाते, म्हणून दोन नंबर. लोक मला विचारतात मग ही सोसायटी की ट्रस्ट? दोन्ही. फरक पडतो तो कारभारात: सोसायटीला सभासद असतात, घटना असते, निवडून आलेली कार्यकारिणी असते. नुसत्या विश्वस्तनाम्यावर चालणाऱ्या ट्रस्टला सभासद नसतात, जे काय ते विश्वस्त. तसल्या ट्रस्टचा नंबर बऱ्याचदा 'ई-' चा असतो.

नंबरबरोबर जिल्हा लिहून घ्या. एफ-पाचशे पुण्यातही असतो आणि नाशकातही. आणि इथल्या यादीत नाही म्हणून संस्था बोगस असंही नसतं, दिल्ली-बेंगळुरूत नोंदलेला ट्रस्टही इथे कॉलेज चालवू शकतो.

कंपनी असेल तर तिचा २१ अक्षरी-आकडी ओळख क्रमांक असतो, त्याला सीआयएन म्हणतात. त्यात वर्षाच्या आकड्यांनंतरची तीन अक्षरं बघायची:

```
U85100PN20XXPTCXXXXXX   प्रायव्हेट लिमिटेड
U85100PN20XXPLCXXXXXX   पब्लिक लिमिटेड
U85100PN20XXNPLXXXXXX   कलम ८ ची, ना-नफा
```

तिसऱ्या प्रकाराकडे नीट बघा. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची कंपनी ही कंपनीच असते, पण नावात 'लिमिटेड' लावायची तिला गरज नसते, म्हणून ती 'अमुक फाउंडेशन' नाव घेऊन बसते आणि लोक ट्रस्ट समजून धर्मादाय ऑफिसला खेटे घालतात. तिची नोंद कंपनी निबंधकांकडे, धर्मादाय यादीत ती सहसा नसते. कंपनी मंत्रालयाच्या mca.gov.in वर मास्टर डेटा, म्हणजे कंपनीची मूळ माहिती, फुकट बघता येतो, पूर्ण कागद बघायचे तर १०० रुपये भरावे लागतात. शंभर रुपये वाचवायला लोक फेसबुकवर विचारत बसतात आणि कोणीतरी ऐकीव उत्तर देतं, ते मला खरंच पटत नाही. एवढ्या पैशात ताळेबंदसुद्धा बघायला मिळतो.

चूक ३: एका बिल्डिंगमध्ये एकच मालक असतो असं धरणं

हॉस्पिटल ट्रस्टचं, औषधांचं दुकान प्रायव्हेट लिमिटेडचं, एमआरआय सेंटर तिसऱ्याच फर्मचं, हे सर्रास असतं. कुठल्या तरी एका पावतीवरून निकाल लावणारे इथे फसतात. मेडिकलच्या बिलावर जीएसटी नंबर असतो, त्याच्या तिसऱ्या ते बाराव्या जागी पॅन असतो, म्हणजे जीएसटी नंबरचं सहावं अक्षर हे पॅनचं चौथं. सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे ट्रस्ट, एफ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी, ए म्हणजे व्यक्तींचा समूह, बऱ्याच सोसायट्या यात येतात. पण हे अक्षर दुकानाच्या मालकाचं आहे, हॉस्पिटलच्या नाही. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकला तरी कायदेशीर नाव आणि व्यवसायाचा प्रकार दिसतो, तिथे सोसायटी आणि ट्रस्ट एकाच खान्यात असतात, तेवढी मर्यादा लक्षात ठेवा.

कॉलेजातही तेच. ट्यूशन फीची पावती सोसायटीच्या नावाने, होस्टेल-मेसची कंपनीच्या नावाने. मागे एक पालक होस्टेलचं डिपॉझिट परत मिळत नाही म्हणून सोसायटीच्या अध्यक्षांना पत्रावर पत्रं लिहीत होते, आणि पावतीवर अध्यक्षांच्या संस्थेचं नावच नव्हतं. करार ज्याच्याशी, नोटीस त्याला, एवढं केलं तरी वर्ष वाचतं. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट असल्या एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या कॉलेजांना 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाची पीडीएफ साइटवर ठेवावी लागते, चालवणारी संस्था कोणती, तिचा पत्ता काय ते त्यात असतं. ती साइटच्या तळाशी कुठेतरी टाकलेली असते, शोधा, प्रॉस्पेक्टसचे फोटो बघत बसू नका. आणि खासगी विद्यापीठ असेल तर ते राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं असतं, पण त्यामागे प्रायोजक संस्था असतेच. गॅझेटमधल्या कायद्यात तिचं नाव मिळतं.

बाकीच्या छोट्या चुका

८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी मान्यता, आहे म्हणजे ट्रस्टच, असं नाही. सोसायटीलाही मिळतं, कलम ८ च्या कंपनीलाही.

ना-नफा म्हणजे स्वस्त, हेही नाही. फी कितीही असू शकते, नफा वाटून घेता येत नाही एवढाच अर्थ.

'डॉक्टरसाहेबच मालक आहेत' हे वॉचमनकडून ऐकलेलं कुठल्याही अर्जात लिहू नका.

चूक ४: जुनी विश्वस्तांची यादी आजची समजणं

धर्मादाय ऑफिसातून परिशिष्ट एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढला की लोकांना वाटतं काम झालं. त्यावर नोंदणीच्या वेळचे विश्वस्त असतात, आणि नंतर बदललेली नावं कलम २२ खालचा बदल अर्ज, म्हणजे ज्याला तिथे सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो मंजूर झाल्यावरच चढतात. दोन गटांचं भांडण असेल तर चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि तुम्ही नोटीस काढता ती वारलेल्या विश्वस्ताच्या नावाने. म्हणून नकलेचा अर्ज देतानाच 'प्रलंबित बदल अर्जांच्या माहितीसह' असं लिहा आणि काउंटरवरच्या क्लार्कला शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट कोणत्या वर्षाचा आहे ते तोंडी विचारून घ्या. नोटीस शक्यतो कोणा एकाच्या नावाने न काढता 'अध्यक्ष/सचिव, अमुक ट्रस्ट, नोंदणी क्रमांक तमुक' अशी काढा आणि नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. हॉस्पिटलच्या गेटवर दिलेलं पाकीट बहुतेक वेळा पीआरओच्या ड्रॉवरमध्येच राहतं.