विम्याच्या पावतीवर तारीख कोणती पाहता भाऊ? या चुका टाळा

आमच्याकडे दारव्ह्याकडचे एक सिमेंट-लोखंडवाले भाऊ आहेत, मार्च संपला की विम्याच्या पावत्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून देतात आणि म्हणतात टाका खर्चात. गेल्या खेपेला मीच गडबडलो, म्हणून सांगतो.

गोडाऊनचा आगीचा विमा. पैसे भरले 2 डिसेंबर 2024 ला, एकूण 21,535. मी पावतीवरची तारीख धरून 31 मार्चपर्यंत 120 दिवस मोजले आणि मोकळा झालो. पण जुनी पॉलिसी 9 डिसेंबरपर्यंत चालूच होती ना बाप्पा, नवी सुरू झाली 10 तारखेला! पावतीवर बहुतेकदा फक्त रक्कम आणि भरल्याची तारीख असते, मुदत असते पॉलिसी शेड्युलवर, Period of Insurance असं लिहिलेलं. म्हणून दोन्ही कागद सोबत मागवायचे. रिन्यूअल नोटीस म्हणजे पावती नव्हे, आणि यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर मुदत कुठून दिसणार.

आता हिशोब. 21,535 मध्ये 3,285 जीएसटी, पॉलिसीवर दुकानाचा जीएसटी नंबर होता म्हणून क्रेडिट मिळालं, ते वेगळं काढलं. उरले 18,250, म्हणजे रोजचे 50. 10 डिसेंबर ते 31 मार्च 112 दिवस, खर्च 5,600. बाकी 253 दिवसांचे 12,650 प्रीपेड. (नंबर नसता तर क्रेडिट नाही, मग पूर्ण 21,535 वाटायचे, रोजचे 59.)

31 मार्चची एंट्री:

```
Prepaid Insurance Dr 12,650
  To Insurance 12,650
```

1 एप्रिलला हीच उलटी मारायची, आणि लोक नेमकं हेच विसरतात. पुढच्या मार्चच्या ताळेबंदात तेच 12,650 जसेच्या तसे बसलेले दिसले की समजायचं, उलटी एंट्री राहिली.

दुसरी पावती त्यांच्या घरच्या मेडिक्लेमची, 19,400, भरली 28 मार्च 2025 ला आणि पॉलिसी सुरू 3 एप्रिलला. पोरानं तीही Insurance मध्ये टाकून पूर्ण प्रीपेड करून ठेवली. काहून? तो दुकानाचा खर्चच नाही, दुकानाच्या खात्यातून गेले असतील तर ड्रॉइंग्ज. आणि 80डी मध्ये एक वर्षाच्या पॉलिसीची मुदत नाही, पैसे भरल्याची तारीख लागते, म्हणजे वजावट 2024-25 मध्येच, तीही जुन्या रिजीममध्ये असाल तर. एजंटला नगद दिले असतील तर तेही गेलं, प्रीमियमला नगद चालत नाही. दोन-तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला असेल तर मात्र वजावट वर्षांमध्ये वाटून मिळते, कंपनीकडून 80डी चं सर्टिफिकेट मागून घ्या, त्यावर वर्षाचा आकडा असतो.

तेव्हापासून मी फाईलचं नावच असं ठेवतो, भरल्याची तारीख, मग मुदत, मग रक्कम:

```
paid-2024-12-02_2024-12-10_2025-12-09_fire_21535.pdf
```