डॅशबोर्ड दिला, तारखांचा घोळ मिटला

नमस्कार काका, डॅशबोर्ड तयार आहे, फाईल तुमच्याच अकाउंटवर ठेवलीय. निपाणी आणि खानापूरची विक्री का जुळत नव्हती ते सापडलं, गुगल शीटचं `Locale` अमेरिकेचं होतं, तिथं महिना आधी धरतात, त्यामुळं 5/4 चं बिल एप्रिल सोडून 4 मेला जाऊन बसायचं आणि 12 तारखेच्या पुढची तर नुसती टेक्स्ट होऊन सेलमध्ये डावीकडं चिकटायची, महिन्याच्या बेरजेत यायचीच नाहीत. `File > Settings` मध्ये `India` केलं, पण उलट्या बसलेल्या तारखा त्यानं सुधरत नाहीत, म्हणून बिलं परत इंपोर्ट केली. तारीख पुन्हा डावीकडं दिसली तर लगेच फोन करा.

मेंटेनन्सचं म्हणाल तर, रिफ्रेश अडकला तर महिन्याच्या पैशात सोडवून देतो, नवीन चार्टचे पैसे वेगळे. आणि बिलिंगवाल्या पोराला सांगून ठेवा, कॉलमची नावं बदलली तर त्या दुरुस्तीचं बिल वेगळं लावणार हां.