सिंगापुरातील दहा तासांचा थांबा : या चुका टाळा

मुंबईहून रात्री निघून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा जपानकडे जाणाऱ्या अनेक प्रवाशांना चांगी विमानतळावर आठ-दहा तास थांबावे लागते. विमान सकाळी आठला उतरते आणि पुढचे सायंकाळी सहाला सुटते, अशी वेळ असेल तर शहर पाहण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो योग्यही आहे, कारण विमानतळापासून शहराच्या मध्यभागी एमआरटी या मेट्रो रेल्वेने पाऊण ते एक तासात पोहोचता येते. मात्र या थांब्यात जी धावपळ आणि निराशा होते, ती बहुतेक वेळा वेळेच्या चुकीच्या हिशेबातून होते.

पहिली चूक म्हणजे दहा तास हे दहा तासच समजणे. आठला विमान उतरले तरी चालत बाहेर येणे, इमिग्रेशन आणि हातातील सामान ठेवण्याची व्यवस्था यांत सव्वानऊ वाजतात, आणि शहरात पोहोचेपर्यंत सव्वादहा होतात. उलट बाजूने पाहिले तर सहाच्या विमानासाठी साडेतीनपर्यंत विमानतळावर परतणे शहाणपणाचे आहे, म्हणजे अडीचच्या सुमारास शहर सोडावे लागते. प्रत्यक्षात हाती उरतात ते जेमतेम सव्वाचार तास. हा आकडा आधी कागदावर लिहावा आणि मगच ठिकाणे निवडावीत. रात्रीच्या विमानप्रवासाने अंग आधीच आंबलेले असते आणि विषुववृत्ताजवळच्या या शहरात उन्हाबरोबर दमटपणाही असतो, हेही त्या हिशेबात धरावे.

दुसरी चूक अधिक महागाची आहे. पुढचे तिकीट हातात असले की कोणत्याही भारतीयाला शहरात जाता येते, असा समज सर्रास आढळतो. भारतीय नागरिकांसाठी ९६ तासांपर्यंतची व्हिसामुक्त संक्रमण सवलत आहे, पण ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांचा वैध व्हिसा अथवा दीर्घ मुदतीचा निवास परवाना असणाऱ्यांसाठी आहे, आणि तीही अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. एकदाच वापरता येणाऱ्या व्हिसासाठी आणि परतीच्या प्रवासासाठी अटी वेगळ्या आहेत, म्हणून सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपले प्रकरण तिकीट काढण्यापूर्वीच पडताळावे. मुंबईहून बालीला जाणाऱ्या प्रवाशाकडे यांपैकी कोणताही व्हिसा नसेल, तर त्याने सिंगापूरचा व्हिसा आधीच काढलेला असला पाहिजे.

याच टप्प्यावर एसजी अरायव्हल कार्डाचा विसर पडतो. शहरात उतरणाऱ्या परदेशी प्रवाशाने हे कार्ड आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते आणि अधिकृत ठिकाणी ते विनामूल्य आहे. कोणी त्याचे शुल्क मागत असेल, तर आपण चुकीच्या संकेतस्थळावर आहोत हे ओळखावे. आपल्याकडील प्रवाशांसाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते : खाण्याचा तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट सिंगापुरात नेण्यास बंदी आहे, त्यामुळे खिशातील विसरलेली पुडी मुंबईतच काढून टाकावी.

सामानाबाबत एकच गोष्ट पाहायची. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर मुंबईतच सामानाच्या चिठ्ठीवर अंतिम शहराचे नाव छापले आहे का, हे तपासावे. दोन वेगळी तिकिटे असतील, तर सामान बहुधा स्वतः घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि वरच्या हिशेबातून आणखी तासभर जातो.

यानंतरची चूक अशी, की माणसे शहराच्या नकाशावरील प्रसिद्ध नावे उचलतात. सकाळी मर्लायन, मग सेंटोसा, दुपारी लिटल इंडिया, संध्याकाळी बागेतील दिव्यांचा कार्यक्रम, अशी यादी तयार होते आणि निम्मा दिवस गाडीची वाट पाहण्यात जातो. दिव्यांचा कार्यक्रम तर पावणेआठला असतो, म्हणजे तोवर आपले विमान आकाशात असते. एकाच मार्गावर येणारी दोन ठिकाणे निवडली, तर घाईचे कारणच उरत नाही.

एक सोयीचा मार्ग असा आहे. चांगी विमानतळ स्थानकावरून एमआरटीने पुढच्याच एक्स्पो स्थानकावर उतरावे आणि डाउनटाउन मार्गिकेने थेट बेफ्रंटला जावे. तिकिटाच्या रांगेत उभे राहण्याची गरज नाही : परदेशात चालणारे संपर्करहित बँक कार्ड आत जाताना आणि बाहेर पडताना टेकवले की पुरते, फक्त दोन्ही वेळा तेच कार्ड हवे. बेफ्रंटहून चालत गार्डन्स बाय द बेमध्ये जाता येते. तेथील मोठी बाग आणि सुपरट्री या उंच कृत्रिम वृक्षांचा परिसर विनामूल्य आहे. क्लाउड फॉरेस्ट या काचेच्या वातानुकूलित घरात ३५ मीटर उंचीचा धबधबा आहे. त्यासाठी तिकीट लागते आणि ते देखभालीसाठी ठराविक दिवशी बंद असते, म्हणून आधी पाहावे. येथे दोन-अडीच तास सहज जातात, आणि जाऊ द्यावेत, कारण दुपारची सर बहुधा याच वेळेच्या आगेमागे येते आणि काचेच्या घरात तिचा त्रास होत नाही.

बागेच्या दुसऱ्या बाजूला गार्डन्स बाय द बे याच नावाचे स्थानक आहे. तेथून थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गिकेवर तिसरे स्थानक मॅक्सवेल. बाहेर पडताच मॅक्सवेल फूड सेंटर हे खाद्यकेंद्र आहे आणि जवळच २००७ साली पूर्ण झालेले बुद्धदंत मंदिर आहे. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, म्हणून एक ओढणी पिशवीत ठेवावी. शाकाहारी प्रवाशांनी खाद्यकेंद्रात विचारूनच घ्यावे, कारण भाजीतही कोळंबीची पेस्ट किंवा माशाचे सॉस असू शकते. जवळचे श्री मारिअम्मन मंदिर मात्र दुपारी बंद असते. गोपुर बाहेरून पाहून पुढे जावे आणि ते उघडण्याची वाट पाहत बसू नये. परतताना मॅक्सवेलहून एक स्थानक पुढे आउट्रम पार्कला जाऊन ईस्ट-वेस्ट मार्गिका धरावी आणि टाना मेराला विमानतळाची गाडी घ्यावी.

विमान उशिरा उतरले तर काय करावे, हे आधीच ठरवून ठेवावे. इमिग्रेशनमधून बाहेर पडायला साडेदहा वाजले, तर क्लाउड फॉरेस्ट सोडून फक्त मोकळी बाग आणि मॅक्सवेल एवढेच करावे. बारा वाजले, तर शहराचा विचार सोडावा आणि विमानतळावरचे ज्युएल हे दुकाने व बागेचे संकुल पाहावे. ज्युएल टर्मिनलला लागून असले, तरी ते इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना व्हिसामुक्त सवलत लागू नाही आणि सिंगापूरचा व्हिसाही नाही, त्यांना टर्मिनल २ आणि ३ दरम्यानच्या स्कायट्रेनमधून त्यातील ४० मीटरचा धबधबा जाता जाता दिसतो.

परतल्यावरची शेवटची चूक चांगीच्या रचनेमुळे होते. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये हातातील सामानाची सुरक्षा तपासणी इमिग्रेशननंतर लगेच नसून गेटजवळ होते. त्यामुळे आत आल्यावर सगळे झाले असे वाटून प्रवासी दुकानांत रेंगाळतात आणि शेवटच्या वीस मिनिटांत गेटसमोरच्या रांगेत अडकतात. शहरात भरलेली पाण्याची बाटली तेथेच रिकामी करावी लागते. बोर्डिंग पासवर गेट उघडण्याची जी वेळ असेल, त्या वेळी गेटपाशी उभे असावे, आणि खरेदी त्याआधीच आटोपलेली असावी.