रेफरलचं बक्षीस आणि माउथ पब्लिसिटी: या चुका टाळा

ओपिनियन लीडर म्हणजे कोण, असं विचारलं की निम्म्या उत्तरपत्रिकांत सिनेतारे अवतरतात. पैसे घेऊन जो बोलतो ती जाहिरात झाली. संवादाचे अभ्यासक कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं ते असं, की माध्यमांतली माहिती आधी काही जाणकारांकडे येते आणि त्यांच्या तोंडून ओळखीपाळखीत पसरते. हे जाणकार म्हणजेच ओपिनियन लीडर; ते आपल्यातलेच असतात आणि बहुधा एखाद-दोन विषयांपुरतेच. कॅमेरा घेताना ज्याला फोन करता, त्याला औषध विचारता का? फॉलोअर मोजून ओपिनियन लीडर सापडत नाही. 'तुम्ही कुणाला विचारून घेतलंत?' असं ग्राहकालाच विचारा.

माझं खरं दुखणं मात्र बक्षिसाचं आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत रेफरल योजना आखली, तेव्हा मीही होतो. मित्राने नाव नोंदवलं की तुम्हाला रोख रक्कम! पहिल्या आठवड्यात नोंदण्यांचा पाऊस पडला, साहेब खूश. महिन्याने पाहिलं तर बरीच खाती एकदाही उघडलेली नव्हती, आणि एकेका मोबाइलवरून ढीगभर नोंदण्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे जे आधी फुकट, मनापासून नाव सुचवायचे तेच गप्प झाले. एका जुन्या ग्राहक बाईंना कारण विचारलं. म्हणाल्या, "आता काही सांगायला गेलं की मैत्रिणी विचारतात, तुला यात किती मिळतात?" शिफारशीवर विश्वास बसतो तो सांगणाऱ्याचा त्यात फायदा नसतो म्हणून. तो आधारच आम्ही काढून घेतला होता.

तेव्हापासून मी रोख रकमेच्या वाटेला जात नाही. बक्षीस दोघांना, शक्यतो उत्पादनाच्याच रूपात, आणि नव्या माणसाने वापर सुरू केल्यावरच. इंटरनेटवर फाइल साठवायला जागा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने हेच केलं. मित्राने प्रोग्राम इन्स्टॉल केला की दोघांनाही २५० एमबी जागा जास्त मिळे, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत. सप्टेंबर २००८ मध्ये ड्रॉपबॉक्सचे एक लाख नोंदणीकृत वापरकर्ते होते, जानेवारी २०१० मध्ये चाळीस लाख. सगळं श्रेय योजनेचं नाही, वस्तू चांगली होती. घाईतले नवशिके नेमकं हेच विसरतात आणि योजनेची तेवढी नक्कल करतात.

दोघांत वाटणी कशी करायची, ते नात्यावर ठरतं. जवळच्या मित्राला सांगताना आपल्याला पैसे मिळाले तर अवघडल्यासारखं होतं, म्हणून तिथे ऐकणाऱ्याला काहीतरी मिळालेलं बरं. नुसती तोंडओळख असेल किंवा ब्रँड फारसा परिचित नसेल, तर सांगणाऱ्याला प्रोत्साहन लागतं.

नाराज ग्राहकांना रेफरल लिंक पाठवू नका. आधी तक्रार मिटवा.

आणि यश नोंदण्यांवर मोजू नका. रेफरलने आलेले आणि एरवी आलेले ग्राहक वेगळे काढा, तीन महिन्यांनी दोन्हींतले किती टिकले ते शेजारी मांडा. आमच्या कंपनीत तो तक्ता मागितला तेव्हा कुणी ठेवलेलाच नव्हता.